तक्त्यातले लाख आणि कोटी

गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेसाठी एक्सेलमध्ये तक्ता करायचा आहे, असं समजा. राखीव निधी १,२४,५०,००० रुपये, देखभाल ३८,६०,०००, लिफ्टची दुरुस्ती ४,७५,००० आणि किरकोळ खर्च ६२,०००. संगणक अमेरिकी पद्धतीवर असेल तर पहिली रक्कम 12,450,000 अशी दिसते आणि वाचणारा शून्यं मोजत बसतो.

यावर अनेकजण कोटीच्या रकमांना आपोआप ‘कोटी’ आणि लाखाच्या रकमांना ‘लाख’ असा शब्द जोडतात. मला ते पटत नाही. ‘१.२ कोटी’खाली ‘३८.६० लाख’ आलं की आकड्याकडे नुसतं पाहून लहानमोठं कळत नाही. शिवाय कोटीत एकच दशांश ठेवला तर राखीव निधीतले साडेचार लाख गायब होतात. जवळजवळ लिफ्टच्या दुरुस्तीएवढी रक्कम! म्हणून एका तक्त्याला एकच एकक असावं. इथे लाख सोयीचे.

एक्सेलमध्ये लाखाचं तयार एकक नाही. आकड्याच्या शेवटी दिलेला स्वल्पविराम हजारानेच भागतो. पण त्यातूनच वाट निघते. रकमा निवडून Ctrl+1 दाबा, Custom निवडा आणि Type च्या चौकटीत हे लिहा:

```
0\.00,
```

स्वल्पविरामामुळे १,२४,५०,००० चे १२,४५० होतात. उलट्या तिरक्या रेघेमुळे पुढचा बिंदू खरा दशांशचिन्ह न राहता नुसता छापला जातो, तोही शेवटच्या दोन अंकांआधी. म्हणून दिसतं १२४.५०. बाकीच्या रकमा ३८.६०, ४.७५ आणि ०.६२ अशा येतात, तर बेरीज १६८.४७. तुटीच्या रकमेपुढचं उणे चिन्हही टिकतं. चौकटीतली मूळ रक्कम पूर्ण रुपयांतच राहते, त्यामुळे सूत्रं बिघडत नाहीत.

₹ हे चिन्ह भारत सरकारने २०१० साली स्वीकारलं. त्याआधीच्या बऱ्याच फाँटमध्ये ते नसल्याने त्याजागी रिकामा चौकोन दिसतो. प्रत्येक ओळीत ते छापण्याची गरजही नाही. स्तंभाच्या मथळ्यात ‘रक्कम (₹ लाखांत)’ एवढं एकदा लिहावं आणि आकडे उजवीकडे लावावेत.

आता आलेख. एक्सेल उभ्या अक्षाचे आकडे तक्त्याच्याच रूपात दाखवतं, कारण तिथे Linked to source ही खूण असते. त्यामुळे अक्षावर लाखच येतात. अक्षाच्या Display units मध्ये 100000 हा पर्याय आहे, पण तोही निवडला तर रक्कम दोनदा भागली जाते आणि सगळा अक्ष 0.00 दाखवू लागतो. असं दिसलं तर Display units पुन्हा None करा. आणि अक्षाला ‘₹ लाख’ हे नाव हाताने द्या. एक्सेल ते आपणहून लिहीत नाही आणि त्याशिवाय १२४.५० म्हणजे किती, हे सभेत कुणालाच कळणार नाही.