दिवाळी ऑक्टोबरातली की नोव्हेंबरातली?

सणाच्या तीन-चार आठवडे आधी मिठाईच्या दुकानदाराला एक आकडा पक्का करावा लागतो: खवा किती सांगायचा. म्हशीच्या चार-साडेचार लिटर दुधातून जेमतेम किलोभर खवा निघतो, त्यामुळे ऐन वेळी मागून तो मिळत नाही. आणि जास्त घेतला तर पेढा-बर्फी काही चिवड्यासारखी पंधरा दिवस टिकत नाही. बहुतेक जण गेल्या वर्षीचा त्याच महिन्याचा खप बघतात, त्यात थोडी भर घालतात आणि ऑर्डर देतात. संख्याशास्त्राकडे या कामासाठी दोन जुनी साधनं आहेत, चल सरासरी आणि हंगामी निर्देशांक. दोन्ही कामाची आहेत. पण पाठ्यपुस्तकात दिली आहेत तशीच ती आपल्याकडच्या मिठाईला लावली, तर नेमकी दिवाळीत फसवतात. का, ते समजून घेण्यासारखं आहे.

आधी मूळ पद्धत पाहू. विक्री रुपयांत न धरता किलोत धरावी, कारण पेढ्याचा भाव वाढला की गल्ला वाढतो, खप वाढलेला नसतो. आता सलग बारा महिन्यांच्या खपाची सरासरी काढायची, मग एक महिना पुढे सरकून पुन्हा बारा महिन्यांची, असं करत जायचं. ही चल सरासरी. बारा महिनेच का? कारण त्यात तेजीचा आणि मंदीचा प्रत्येक महिना एकदाच येतो, त्यांचे चढउतार आपोआप मिटतात आणि धंद्याची खरी पातळी उरते. फक्त बारा महिन्यांचा मध्य दोन महिन्यांच्या सीमेवर पडतो, म्हणून लागोपाठच्या दोन सरासऱ्यांची पुन्हा सरासरी घेऊन ती एका महिन्यावर बसवतात.

मग प्रत्येक महिन्याच्या खपाला त्या महिन्याच्या चल सरासरीने भागून शंभराने गुणायचं. उत्तर १५० आलं तर तो महिना नेहमीच्या दीडपट, ७० आलं तर मंदीचा. तीन-चार वर्षांच्या ऑक्टोबरांची मिळून एक सरासरी काढली की तो ऑक्टोबरचा निर्देशांक झाला. बारा निर्देशांकांची बेरीज १२०० व्हायला हवी, थोडा फरक पडला तर सगळे त्याच प्रमाणात कमीजास्त करायचे. पुढच्या वर्षीची अपेक्षित पातळी गुणिले निर्देशांक, भागिले शंभर: हा अंदाज.

यात एक गोष्ट गृहीत आहे, की हंगाम दर वर्षी त्याच महिन्यात येतो. छत्र्यांच्या किंवा पंख्यांच्या दुकानाला ते लागू पडतं. मिठाईचा हंगाम मात्र पंचांगावर चालतो. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान, म्हणून सण दर वर्षी अलीकडे सरकतात आणि अधिक महिना आला की एकदम पुढे जातात. लक्ष्मीपूजन २०२२ मध्ये २४ ऑक्टोबरला होतं. २०२३ मध्ये श्रावण अधिक आला आणि ते १२ नोव्हेंबरवर गेलं. २०२४ मध्ये १ नोव्हेंबर, २०२५ मध्ये २१ ऑक्टोबर. या वर्षांच्या ऑक्टोबरांची सरासरी काढणं म्हणजे दिवाळीचे महिने आणि बिनदिवाळीचे महिने एकाच कढईत टाकणं. जो निर्देशांक निघतो, तो कुठल्याच वर्षाचा नसतो.

याहून वाईट म्हणजे चल सरासरीही बिघडते, आणि हे सहसा लक्षात येत नाही. नोव्हेंबर २०२२ ते ऑक्टोबर २०२३ हे बारा महिने घ्या. त्यात दिवाळीच नाही: एक नुकतीच होऊन गेली, दुसरी अजून यायची आहे. त्यापुढचे बारा महिने, नोव्हेंबर २०२३ ते ऑक्टोबर २०२४, घ्या. त्यात एक अख्खी दिवाळी आहे आणि दुसरीची बरीचशी खरेदीही, कारण १ नोव्हेंबरच्या लक्ष्मीपूजनासाठी लोक ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यातच मिठाई नेतात.

हिशेबासाठी एक दुकान कल्पू. तारखा पंचांगातल्या आहेत, किलो मी धरलेले. वर्षभराची मासिक सरासरी ११५० किलो, आणि दिवाळीमुळे रोजच्यापेक्षा जास्त खपणारा माल १०८० किलो. दिवाळी सुटलेल्या बारा महिन्यांत सरासरी ९० किलोंनी खाली येऊन १०६० दिसते. पुढच्या बारा महिन्यांत, दुसऱ्या दिवाळीचा ८०० किलो जादा खप ऑक्टोबरात पडला असं धरलं, तर ती १२१७ वर जाते. कागदावर जवळजवळ १५ टक्के वाढ झाली, प्रत्यक्षात दुकान होतं तिथेच आहे. त्या भरवशावर कोणी नवा कारागीर ठेवला किंवा दुसरी शाखा काढली, तर पगार आणि भाडं मात्र खरंच द्यावं लागतं.

उपाय असा की सणाचा खप आधी वेगळा काढायचा. त्यासाठी मासिक बेरीज पुरत नाही, रोजची विक्री लागते, आणि बिलिंग मशीन असेल तर ती हाताशी असतेच. दिवाळीचा पट्टा तिथीवरून ठरवायचा: लक्ष्मीपूजनाआधीचे नऊ दिवस, तो दिवस आणि नंतरचे दोन, मिळून बारा. गणपतीचा पट्टा चतुर्थीच्या आदल्या दिवसापासून अनंत चतुर्दशीपर्यंत. राखीपौर्णिमा, दसरा, पाडवा यांचे छोटे पट्टे. पितृपंधरवडाही वेगळा काढावा, कारण मंदीही तिथीनेच येते. उरलेल्या दिवसांची रोजची सरासरी काढून चल सरासरी आणि हंगामी निर्देशांक फक्त तिच्यावर चालवायचे. लग्नसराई, परीक्षांचे निकाल, पावसाळ्यातली मंदी त्यात नीट दिसते. सणाच्या पट्ट्यासाठी एवढंच पाहायचं की साध्या दिवसाच्या किती पट माल गेला.

आपल्या कल्पित दुकानात साधा दिवस ३० किलोंचा. बारा साध्या दिवसांचे ३६० झाले असते, दिवाळीत १४४० गेले, म्हणजे चौपट. २०२५ मध्ये हा पट्टा १२ ते २३ ऑक्टोबर होता, सगळा माल ऑक्टोबरात. २०२६ चं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, म्हणजे पट्टा ३० ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर. पहिले दोन दिवस थंडच असतात. त्यांत पाच टक्के धरले तर ७२ किलो ऑक्टोबरात आणि १३६८ नोव्हेंबरात. त्यात नोव्हेंबरचे उरलेले २० साधे दिवस, ६०० किलो, मिळवले की महिन्याचा अंदाज १९६८. गेल्या वर्षीचा नोव्हेंबर बघून ऑर्डर दिली असती तर अंदाज ९०० च्या आसपास आला असता.

अधिक महिन्याला मात्र हे गणित पुरत नाही. जावयाला अनारशांचं वाण देण्याची चाल असलेल्या भागात त्या महिन्यात अनारसे जोरात खपतात, पण तुलनेला मागची नोंद जवळपास तीन वर्षांपूर्वीची असते. २०२६ चा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जूनचा, त्याआधीचा अधिक श्रावण १८ जुलै ते १६ ऑगस्ट २०२३ चा. एका नोंदीवरून सरासरी निघत नाही, तिथे अंदाज आखडताच ठेवावा. कंपन्यांच्या मोठ्या ऑर्डरीही बेरजेतून बाजूला काढाव्यात. पाचशे बॉक्सचं एक गिऱ्हाईक पट्टीचं प्रमाण फुगवतं आणि पुढच्या वर्षी ते येईलच असं नाही.

पद्धत जमली की नाही, हे सण येण्याआधीच तपासता येतं. २०२२ ते २०२४ च्या नोंदींवरून २०२५ चा अंदाज काढायचा आणि झालेल्या विक्रीशी ताडून बघायचा. फरक दहा टक्क्यांचा निघाला, तर यंदाच्या अंदाजालाही वरखाली तेवढी जागा ठेवायची: लाडू-चकलीत वरचा आकडा धरायचा, खव्याच्या मालात खालचा. अंदाज सारखाच कमी येत असेल तर आधी नोंदींकडे बघावं. बिलात विकलेला माल असतो, मागितलेला नसतो. धनत्रयोदशीला पेढे संध्याकाळी पाचला संपले आणि नऊपर्यंत लोक परत गेले, तर वहीत ते गिऱ्हाईक आलंच नाही असं होतं, पट्टीचं प्रमाण कमी निघतं आणि पुढच्या वर्षी माल पुन्हा पाचलाच संपतो. म्हणून कुठला पदार्थ किती वाजता संपला हे त्या दिवसाच्या आकड्याशेजारी लिहायचं, आणि प्रमाण काढताना तो दिवस पूर्ण चालला असता तर किती गेला असता हे इतर दिवसांच्या तासवार बिलांवरून भरून घ्यायचं.