चाचणी अर्धवट सोडणाऱ्यांचा हिशेब

नव्या उपचाराच्या चाचणीत कोणत्या रुग्णाला काय द्यायचे हे रुग्णही ठरवत नाही आणि डॉक्टरही ठरवत नाहीत. ते चिठ्ठ्या टाकल्यासारखे नशिबावर सोपवलेले असते. त्यामुळे दोन्ही गटांत तरुण-म्हातारे, धट्टेकट्टे आणि अशक्त, काळजी घेणारे आणि हयगय करणारे साधारण सारख्याच प्रमाणात येतात, आणि शेवटी दिसणारा फरक उपचाराचा आहे असे म्हणता येते. पण चिठ्ठी निघाल्यावर माणसे चिठ्ठीप्रमाणे वागतीलच असे नाही. कोणी गोळ्या बंद करतो, कोणी शस्त्रक्रियेला ऐन वेळी नकार देतो, कोणी दुसऱ्याच गटाचा उपचार घेऊन येतो. अशा माणसांना हिशेबात कुठे धरायचे, यावर चाचणीचा निकाल फिरू शकतो.

त्याच्या दोन मुख्य रीती आहेत. चिठ्ठीने ज्या गटात टाकले त्याच गटात माणसाला शेवटपर्यंत मोजायचे, मग त्याने उपचार घेतलेला असो वा नसो, ही ‘इन्टेन्शन-टू-ट्रीट’ रीत. ज्यांनी ठरलेला उपचार ठरल्याप्रमाणे घेतला तेवढ्यांचीच तुलना करायची आणि बाकीच्यांना वगळायचे, ही ‘पर-प्रोटोकॉल’ रीत. पहिल्यांदा ऐकताना दुसरी रीतच शहाणपणाची वाटते. ज्याने औषध घेतलेच नाही, त्याच्या मृत्यूचा बोल औषधाला का लावायचा?

युरोपात 1970च्या दशकात झालेल्या एका मोठ्या चाचणीचे आकडे या प्रश्नाचे उत्तर देतात. हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद होऊन छातीत दुखणाऱ्या 768 पुरुषांपैकी 395 जणांच्या वाट्याला बायपास शस्त्रक्रिया आली आणि 373 जणांच्या वाट्याला फक्त औषधे. दोन वर्षांत शस्त्रक्रियेच्या गटातले 21 जण दगावले, म्हणजे 5.3 टक्के. औषधांच्या गटातले 29 दगावले, म्हणजे 7.8 टक्के. शस्त्रक्रियेचे पारडे थोडे जड दिसते. पण एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो, असे गणित सांगत होते. ही झाली इन्टेन्शन-टू-ट्रीट मोजणी.

प्रत्यक्षात मात्र शस्त्रक्रियेच्या गटातल्या 26 जणांवर शस्त्रक्रिया झालीच नाही, आणि त्यांतले 6 दगावले. उलट, औषधांच्या गटातल्या 50 जणांची बायपास झाली आणि त्यांतले फक्त 2 दगावले. या 76 जणांना वगळले, की शस्त्रक्रियेच्या बाजूला 369 पैकी 15 मृत्यू उरतात आणि औषधांच्या बाजूला 323 पैकी 27. म्हणजे 4.1 टक्के विरुद्ध 8.4 टक्के. एकाही रुग्णाची प्रकृती बदललेली नाही, फक्त मोजणी बदलली, आणि शस्त्रक्रियेने मृत्यू निम्मे केल्यासारखे दिसू लागले. तिसरीही एक मोजणी करता येते: ज्याला जो उपचार मिळाला त्या बाजूला त्याला ढकलायचे. तेव्हा मृत्यूंची एकूण संख्या पुन्हा 50च राहते, पण वाटणी 4.1 आणि 9.5 टक्के अशी होते. आता शस्त्रक्रियेचा विजय निर्विवाद वाटतो.

खोट आहे ती त्या 26 जणांत. त्यांच्यातला मृत्युदर 23 टक्के, बाकीच्यांपेक्षा कितीतरी जास्त. शस्त्रक्रिया होऊ न शकणाऱ्यांत साहजिकच असेही रुग्ण असतात, जे तारीख येण्याआधीच दगावतात किंवा इतके खालावतात की सर्जन हात लावायला धजावत नाहीत. त्यांना वगळणे म्हणजे शस्त्रक्रियेच्या गटातून सर्वांत आजारी माणसे काढून टाकणे. औषधांच्या गटात तितकीच आजारी माणसे असतातच, पण त्यांच्यासाठी शस्त्रक्रियेची तारीखच नसल्यामुळे ती वेगळी ओळखता येत नाहीत आणि मोजणीत तशीच राहतात. चिठ्ठीने जमवलेला समतोल इथे मोडतो.

गोळ्यांच्या बाबतीतही हेच घडते, आणि ते जास्त चकवणारे असते. अमेरिकेतील ‘कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट’ या चाचणीत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या पुरुषांना क्लोफायब्रेट हे कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध किंवा दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी, म्हणजे प्लासिबो, दिली गेली. पाच वर्षांत क्लोफायब्रेट गटात 20.0 टक्के मृत्यू झाले, प्लासिबो गटात 20.9 टक्के. औषधाचा उपयोग दिसला नाही. मग क्लोफायब्रेटच्या गटातच पाहिले, तर ठरलेल्या गोळ्यांपैकी 80 टक्के किंवा जास्त घेणाऱ्यांत मृत्यू 15.0 टक्के होते आणि कमी घेणाऱ्यांत 24.6 टक्के. इथेच थांबले असते, तर औषध नियमित घेतले की जीव वाचतो असे कोणीही म्हटले असते. पण 1980 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या लेखात पुढची ओळही होती. प्लासिबो नियमित घेणाऱ्यांत मृत्यू 15.1 टक्के आणि न घेणाऱ्यांत 28.3 टक्के!

प्लासिबोत औषध नव्हते, तेव्हा जीव गोळीने वाचलेला नाही. नियमित गोळ्या घेणारा माणूस बहुधा इतरही पथ्य पाळतो, आणि मुळात तो गोळ्या घेण्याइतका बरा असतो. जो खंगत चालला आहे त्याच्या गोळ्या आधी सुटतात. वय, रक्तदाब अशा 40 गोष्टींची गणिताने भरपाई करूनही प्लासिबो गटातली ती दरी 16.4 आणि 25.8 टक्के एवढी राहिली. पुढे 2016 मध्ये एलिनॉर मरे आणि मिगेल हर्नान यांनी पाच वर्षांत बदलत गेलेली प्रकृतीही जमेस धरली, तेव्हा ती बरीच आटली. म्हणजे पर-प्रोटोकॉल प्रश्न विचारणे चूक नाही. नुसते वगळून त्याचे उत्तर मिळत नाही.

इन्टेन्शन-टू-ट्रीटलाही मर्यादा आहेत. हा उपचार सुचवल्याने काय होते, एवढेच ती सांगते. अनेकांनी औषध सोडले, तर चांगल्या औषधाचा गुणही फिका दिसतो. नवे औषध जुन्यापेक्षा कमी पडत नाही एवढेच दाखवायचे असते, तेव्हा हा फिकेपणा धोक्याचा ठरतो. दोन्ही गटांत गोळ्या सुटल्या की दोन्ही सारखेच दिसणार, आणि कमी ताकदीचे औषधही पास होणार. म्हणून अशा चाचण्यांत दोन्ही रीतींनी मोजतात आणि दोन्ही उत्तरे जुळतात का ते पाहतात. दुष्परिणामांचा प्रश्नही असाच आहे. न घेतलेल्या औषधाने अपाय होत नाही, त्यामुळे अपायाची मोजणी सहसा निदान एक मात्रा घेतलेल्यांत करतात.

सगळ्यांना मोजायचे तर सगळ्यांचे शेवटी काय झाले ते कळायला हवे. औषध सोडणे वेगळे आणि चाचणीतून निघून जाणे वेगळे. गोळ्या बंद केलेल्या रुग्णालाही तपासणीला बोलावत राहणे, निदान तो हयात आहे की नाही याची नोंद मिळवणे, हे काम चाचणी चालू असतानाच करावे लागते. जो हाती लागतच नाही त्याच्या जागी अंदाज धरावा लागतो. शेवटच्या तपासणीचा आकडाच पुढे ओढण्याची पद्धत पूर्वी सर्रास होती. पण प्रकृती ढासळत जाणाऱ्या आजारात ती लवकर गेलेल्या माणसाला आहे त्यापेक्षा बरा दाखवते.

छापलेल्या अहवालात ही बाब तपासता येते. सुरुवातीला प्रत्येक गटात किती माणसे टाकली आणि निकालाच्या तक्त्यात टक्के कितींवर काढले, हे दोन आकडे शेजारी ठेवायचे. ते जुळत नसतील, तर मधली माणसे कोणत्या गटातून, केव्हा आणि कशामुळे गळली हे अहवालात शोधायचे. ‘मॉडिफाइड इन्टेन्शन-टू-ट्रीट’ असे लिहिलेले असेल, तर कोणाला वगळले ते आणखी बारकाईने वाचायचे, कारण त्या नावाखाली प्रत्येक चाचणी आपापले नियम लावते.