फेसिंग वाढवली की विक्री वाढतेच?

गैरसमज: फळीवरची जागा दुप्पट, तर विक्रीही दुप्पट.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या सुपरमार्केटमध्ये माल देणारे छोटे उत्पादक आधी फेसिंग मागतात. फेसिंग म्हणजे पुढून दिसणारी पाकिटांची एक रांग. या विषयावरच्या अनेक अभ्यासांचा २०१४ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला. त्यात जागा १ टक्का वाढली तर विक्री सरासरी ०.१७ टक्का वाढते, असं दिसलं. म्हणजे जागा दुप्पट केली, तर विक्री जेमतेम १२ टक्के वाढते.

तरीही कधीकधी दोनाच्या चार फेसिंग केल्यावर विक्री खूपच वाढते. समजा, डोंबिवलीतल्या एका दुकानात दिवाळीआधीच्या शनिवारी चकलीच्या भाजणीची २० पाकिटं खपू शकतात. फळी ४५ सेंटिमीटर खोल आहे आणि पाकीट ७ सेंटिमीटर जाड, म्हणजे एका रांगेत सहा पाकिटं मावतात. दोन फेसिंगमध्ये बारा. फळी फक्त सकाळी भरली जात असेल, तर दुपारनंतर ती रिकामी. चार फेसिंग केल्या की चोवीस पाकिटं राहतात आणि दिवस निभावतो. इथे विक्री वाढली ती जास्त दिसण्याने नव्हे, माल न संपल्याने. पुढे चाराच्या आठ केल्या, तर भाजणी पडून जुनी होण्याचाच धोका.

हे ओळखायला तासावार बिलं मागावीत. संगणकात शिल्लक दिसते, पण चारनंतर एकही बिल नाही, म्हणजे बहुधा माल मागच्या गोदामात अडकला आहे. तिथे जागा विकत घेण्यापेक्षा दुपारी फळी पुन्हा भरून घेणं कितीतरी स्वस्त. मला तरी पहिला खर्च इथेच करावासा वाटतो.

गैरसमज: सगळ्यात वरची फळी सगळ्यात चांगली.

शिकागोच्या डॉमिनिक्स साखळीतल्या प्रयोगांत (१९९४) फेसिंगच्या संख्येपेक्षा जागेचा परिणाम मोठा दिसला: नजरेसमोरच्या दोन फेसिंग तळाच्या पाच फेसिंगना भारी पडल्या. पण ही उंची गिऱ्हाइकाप्रमाणे ठरते. भारतीय स्त्रीची सरासरी उंची १५२ सेंटिमीटरच्या आसपास असते आणि चालताना नजर थोडी खालीच असते. त्यामुळे छातीपासून डोळ्यांपर्यंतची फळी मागावी. भाजणी गव्हाच्या पिठाशेजारी ठेवण्याऐवजी फराळाच्या तेल-रव्याजवळ ठेवली, तर ती खरेदीच्या ओघात हाताशी येते.

गैरसमज: रांगेच्या टोकाला मांडणी केली की नफा नक्की.

टोकाच्या स्टँडवर खप उसळतो, पण त्यातला काही भाग आपल्याच फळीवरून सरकलेला असतो आणि काही पुढच्या महिन्याचा आधीच झालेला. म्हणून दोन्ही जागांची एकत्र विक्री पाहावी आणि स्टँड काढल्यावरचे चार आठवडेही मोजावेत. शक्य असेल तर आधी कल्याणच्या दुकानात स्टँड लावून ठाण्याचं तसंच ठेवावं, मग अदलाबदल करावी. सणाची घाई दोन्हीकडे साधारण सारखीच असते, त्यामुळे उरलेला फरक बराचसा स्टँडचा. त्या वाढीतून मिळालेलं मार्जिन स्टँडच्या भाड्याहून कमी निघालं, तर पुढच्या वर्षी तो घेऊ नये.