नाडी साठच्या आत

पालममध्ये कुणाच्या छातीत दुखलं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "नळी घालून बघितल्याशिवाय काही कळत नाही." औषधाच्या दुकानात, एस.टी. स्टँडवर, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे तेच. इतक्या ठामपणे बोललं जाणारं हे वाक्य तपासून बघावं असं वाटलं, म्हणून शेजारच्या काकांबरोबर लोह्यावरून नांदेडला गेलो. काका छप्पन वर्षांचे, मधुमेही. चढावर कधी छाती भरून येते, पण कधी नुसतं बसल्यावरही. ईसीजी ठीक होता, रक्तातला ट्रोपोनिनही. डॉक्टरांनी नळीआधी सीटी सांगितला होता.

सीटीच्या खोलीबाहेर तंत्रज्ञ ताईंनी पहिल्यांदा नाडी मोजली. अठ्ठ्याहत्तर. "काका, साठच्या आसपास आली की घेते." मेटोप्रोलॉलची गोळी देऊन त्यांना बाकावर बसवलं. हृदय सतत हलतं, दोन ठोक्यांमधला निवांत क्षण नाडी मंद असली की लांबतो आणि तेवढ्यात चित्र टिपावं लागतं. बहात्तर, सहासष्ट. ताई दर वेळी तेवढंच म्हणायच्या, "साठ." त्या दिवसाचं सगळं काम त्या एका आकड्यापाशी अडलं होतं.

नाडी उतरल्यावर आधी झाला कॅल्शियम स्कोअर. त्याला सुईही लागत नाही, रंगद्रव्यही नाही. धमनीच्या भिंतीत साचलेलं कॅल्शियम चित्रात पांढरं दिसतं. १९९० साली आर्थर अ‍ॅगाटस्टन आणि सहकाऱ्यांनी सांगितलेली मोजणी आजही चालते. १३० हाउन्सफील्ड एककं किंवा त्याहून जास्त घनता असलेला ठिपका धरायचा, त्याचं क्षेत्रफळ घ्यायचं आणि सर्वांत दाट भागानुसार एक ते चारने गुणायचं. काकांच्या एका कापात सहा चौरस मिलिमीटरचा ठिपका होता, कमाल घनता ३२०. तिला गुणक तीन, म्हणजे अठरा. सगळ्या कापांची बेरीज चौसष्ट.

पण कॅल्शियम म्हणजे अडथळा नव्हे. स्कोअर शून्य आला तरी मऊ, कॅल्शियम नसलेला थर असू शकतो, विशेषतः तरुण रुग्णात. धमनी किती अरुंद झाली, हे स्कोअर सांगत नाही. म्हणून त्यानंतर अँजिओग्राफीचा सीटी. क्रिएटिनिन आधीच बघितलेलं होतं, कारण आयोडीनयुक्त रंगद्रव्य मूत्रपिंडातून बाहेर पडतं. जिभेखाली नायट्रोग्लिसरीन, हातात सुई. "अंगात गरम वाटेल, घाबरू नका. श्वास घ्या, धरा, हलू नका." काही सेकंदांत झालं.

पडद्यावर एका ठिकाणी धमनी पायरीसारखी तुटलेली दिसली. मला तोच अडथळा वाटला. ताईंनी बोट छातीच्या हाडावर नेलं: हाड सरळ आहे, फक्त हृदयाची कड सरकली आहे, म्हणजे ठोका चुकला. श्वास सुटला असता तर हाडही सरकलं असतं. दुसऱ्या क्षणाचं चित्र काढलं, तिथे धमनी सलग होती. डाव्या पुढच्या धमनीत साधारण चाळीस टक्के अरुंदपणा, बाकी मोकळं. निर्णय: स्टॅटिन, साखरेवर ताबा, नळी नको.

त्याच दिवशी दुसऱ्या एका आजोबांचा स्कोअर नऊशेवर होता. तिथे सीटीची मर्यादा दिसते. दाट कॅल्शियम चित्रात खऱ्याहून फुगलेलं दिसतं आणि अरुंदपणा वाढवून सांगतं. त्यांना कॅथलॅबमध्ये मनगटातून नळी घालायचं ठरलं. नळीची तपासणी आतली पोकळी स्वच्छ दाखवते. संशयास्पद अडथळ्यापलीकडे तारेने दाब मोजता येतो, अडथळ्याआधीच्या दाबाशी त्याचं गुणोत्तर ०.८० किंवा त्याखाली आलं तर अडथळा रक्तप्रवाह अडवतोय. आणि गरज पडली तर तिथेच स्टेंट बसतो. भिंतीतला थर मात्र ती थेट दाखवत नाही, तो सीटीत दिसतो.

२०२२ साली प्रसिद्ध झालेल्या डिस्चार्ज चाचणीत युरोपातल्या ३,५६१ रुग्णांची तुलना होती, सगळे छातीत दुखणारे पण स्थिर आणि मध्यम शक्यतेचे. सुमारे साडेतीन वर्षांत मोठे हृदयविकार सीटी गटात २.१ टक्के, नळी गटात ३ टक्के. हा फरक निर्णायक नव्हता. तपासणीशी संबंधित मोठी गुंतागुंत मात्र ०.५ विरुद्ध १.९ टक्के. काकांसारख्या माणसाला आधी सीटी देणं मला म्हणूनच योग्य वाटतं.

ज्याला घाम फुटून छाती दाबली जातेय, ईसीजी बदललाय, त्याने मात्र सीटीच्या रांगेत बसू नये. त्याला थेट कॅथलॅब हवी आणि पालमहून निघायला वेळ दवडायला नको. पालममधलं ते वाक्य त्याच्यासाठी खरं आहे. स्थिर दुखण्यासाठी विचारायचा प्रश्न दुसरा आहे: आधी सीटीने भागेल का, आणि नसेल भागत तर का नाही?