अकरा वेळा ‘येथे क्लिक करा’

आमच्या शिक्षणसंस्थेच्या संकेतस्थळावरचा मजकूर मी सांभाळते. शिष्यवृत्ती आणि शुल्कमाफीचं पान त्यातलं सर्वांत जास्त उघडलं जाणारं, आणि माझ्या समजुतीप्रमाणे बरं लिहिलेलं. गेल्या मे महिन्यात पदव्युत्तर वर्गातली एक विद्यार्थिनी कार्यालयात आली. तिला दिसत नाही. ती संगणकावर एनव्हीडीए हा पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा मोफत प्रोग्रॅम वापरते. “मॅडम, वसतिगृहाचा अर्ज पानावर आहे म्हणतात, पण मला सापडत नाही,” ती म्हणाली. मी तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले.

तिने पान उघडलं आणि `Insert+F7` दाबलं. त्याने पानावरच्या सगळ्या लिंकांची यादी एका चौकटीत येते. डोळस माणूस पानावरून नजर फिरवून हवं ते हेरतो, तसं ती या यादीतून हेरते. बाणाची कळ एकेकदा खाली दाबत ती ऐकू लागली. येथे क्लिक करा. येथे क्लिक करा. येथे क्लिक करा. मी मोजलं, अकरा वेळा. मग एक लांबलचक पत्ता आला आणि आवाज ‘पर्सेंट ई झिरो पर्सेंट ए फोर’ असं काहीतरी बोलत राहिला, तिने तो मध्येच तोडेपर्यंत. यादीच्या खाली गाळणीची एक चौकट असते. तिने तिथे ‘वसतिगृह’ टाइप केलं आणि यादी रिकामी झाली. अर्ज पानावर होता, मीच चढवला होता. पण त्याच्या लिंकमध्ये ‘वसतिगृह’ हा शब्दच नव्हता. तो लिंकच्या आधी, वाक्यात होता.

मजा अशी की नियमाकडे बोट दाखवून मला सुटता आलं असतं. संकेतस्थळं सर्वांना वापरता यावीत म्हणून डब्ल्यूसीएजी ही आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांच्या २००८ सालच्या आवृत्तीत २.४.४ हा निकष आहे: लिंक कुठे नेते हे तिच्या शब्दांवरून, किंवा ती ज्या वाक्यात-परिच्छेदात आहे त्यावरून कळायला हवं. ‘वसतिगृहाच्या अर्जासाठी येथे क्लिक करा’ हे या किमान पातळीत बसतं. लिंकच्या नुसत्या शब्दांवरूनच अर्थ कळला पाहिजे, हा २.४.९ निकष सर्वांत वरच्या पातळीचा, त्यामुळे बहुतेक ठिकाणी तो कुणी मागत नाही. पण यादीत वाक्य येत नाही, फक्त लिंक येते. शेजारी बसून ऐकल्यावर मला खालची पातळी पुरेशी वाटेना.

त्या पानावर एकूण १९ लिंका होत्या. अकरा ‘येथे क्लिक करा’, पाच उघडे पत्ते, तीन धड. मी एका कागदावर तीन रकाने आखले: लिंकचे आत्ताचे शब्द, ती प्रत्यक्षात कुठे जाते, आणि तिथे पोचल्यावर वर काय मथळा दिसतो. मला वाटलं होतं, हे शब्द बदलण्याचं तासाभराचं काम आहे. त्याला दोन दिवस लागले, कारण तिसरा रकाना भरायला प्रत्येक लिंक उघडावी लागते.

उघडल्यावर जे निघालं ते असं. सोळांपैकी दोन लिंका मेलेल्या होत्या. एकीच्या मागे मागच्या वर्षीचं परिपत्रक होतं, जुन्या उत्पन्नमर्यादेसकट. आणि दोन वेगवेगळ्या वाक्यांतल्या लिंका एकाच फाइलकडे जात होत्या. म्हणजे सोळांतल्या पाच गडबडलेल्या, आणि वर्षभरात हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. ‘येथे क्लिक करा’ या शब्दांची खरी खोड मला तेव्हा कळली. हे शब्द कशाचीच हमी देत नाहीत, म्हणून ते कधी खोटेही ठरत नाहीत. मागची फाइल बदलली, हरवली, जुनी झाली, तरी लिंक तशीच शहाजोग दिसते. तिथे ‘शुल्कमाफीचं २०२५-२६ चं परिपत्रक’ असं लिहिलं असतं, तर आत मागच्या वर्षाचा कागद निघाल्यावर पहिल्याच पालकाने फोन केला असता.

शुल्कमाफीच्या अर्जाची ओळ आधी अशी होती:

```html
शुल्कमाफीच्या अर्जासाठी
<a href="/docs/final_new2.pdf">येथे क्लिक करा</a>.
```

आता ती अशी आहे:

```html
<a href="/docs/final_new2.pdf">शुल्कमाफीचा
अर्ज (पीडीएफ, ३ पाने)</a> भरून कार्यालयात द्या.
```

फाइलचं नाव गचाळ आहे, तरी मी ते मुद्दाम बदललं नाही. पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत तो पत्ता कधीचा फिरतोय. नाव बदललं की त्या सगळ्या लिंका एका क्षणात मरतात. वाचकाला दिसतात ते शब्द, म्हणून शब्द सुधारले. कंसातली ‘पीडीएफ, ३ पाने’ ही माहिती लिंकच्या आत घेतली, कारण फोनवर डेटा मोजून वापरणाऱ्याला फाइल उतरवायच्या आधीच ते कळलं पाहिजे. आणि पहिला शब्द ‘शुल्कमाफीचा’ आहे, ‘अधिक माहितीसाठी’ नाही. यादी ऐकणारी व्यक्ती पहिल्या एक-दोन शब्दांवरच पुढे जायचं की थांबायचं हे ठरवते. दहा लिंका ‘अधिक माहितीसाठी’ने सुरू झाल्या, तर ते ‘येथे क्लिक करा’चंच नवं रूप.

मराठीत एक अडचण मात्र खास आपली आहे. आपल्याकडे शब्दाला प्रत्यय चिकटतो आणि शब्द आतून बदलतो. ‘शुल्काचा तक्ता’ ही लिंक करून पुढे ‘त’ जोडता येत नाही, तिथे ‘तक्त्यात’ होतं. माझ्या आधीच्या कुणीतरी ‘अर्ज’ एवढ्याचीच लिंक करून ‘ासाठी’ बाहेर ठेवलं होतं. निळा ‘अर्ज’ आणि त्याला लटकलेला काळा काना; ऐकतानाही शब्द मोडून ऐकू येत होता. म्हणून मी दोन गोष्टी ठरवल्या. लिंक नेहमी पूर्ण शब्दावर संपेल, प्रत्ययासकट. आणि शक्य तिथे वाक्य असं फिरवायचं की कागदाचं नाव मूळ रूपातच येईल: ‘शुल्काच्या तक्त्यात रक्कम पाहा’ऐवजी ‘रकमेसाठी शुल्काचा तक्ता पाहा’. गाळणीत ‘तक्ता’ टाइप करणाऱ्याला ‘तक्त्यात’ सापडत नाही, हेही त्यामागचं कारण.

आता उघडे पत्ते. त्यांतला एक चार ओळी लांब होता आणि फोनवर पानाच्या कडेबाहेर जात होता. पत्त्यात देवनागरी शब्द असला की त्याची नक्कल करताना ब्राउझर त्याचं रूपांतर करतो. प्रत्येक अक्षरचिन्हाचे तीन बाइट आणि प्रत्येक बाइटची तीन चिन्हं, म्हणजे एकाची नऊ. ‘शिष्यवृत्ती’ या शब्दात मात्रा आणि हलन्त धरून अकरा चिन्हं आहेत. त्यामुळे तो एकटा शब्द ९९ चिन्हांचा होतो आणि `%E0%A4%B6%E0%A4%BF%E0%A4%B7` असा सुरू होतो. ‘पर्सेंट ई झिरो’ ऐकू आलं ते हेच. असा पत्ता कुणीही वाचून पारखू शकत नाही, तेव्हा पानावर तो उघडा ठेवून पारदर्शकता वाढते, हे म्हणणं मला पटत नाही.

दुसऱ्या पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्हानंतर `utm_source` आणि `fbclid` अशी शेपटं होती. वाचक कुठून आला हे मोजण्यासाठी ती चिकटतात, काढली तरी पान उघडतं. पण प्रश्नचिन्हानंतरचं सगळंच सरसकट कापू नये. तिसऱ्या पत्त्यात तिथे `id=` होतं आणि ते काढल्यावर भलतंच पान उघडलं. कापावं आणि नव्या खिडकीत उघडून पाहावं, एवढाच उपाय.

व्हॉट्सॲपच्या किंवा एसएमएसच्या साध्या संदेशात मात्र शब्दांमागे पत्ता लपवता येत नाही, तिथे तो उघडाच द्यावा लागतो. तिथे आम्ही आधी एका ओळीत काय आहे ते लिहितो आणि पत्ता स्वतंत्र ओळीवर, पुढेमागे काही न चिकटवता देतो. कारण ‘…/shulkवर जा’ असं लिहायच्या भरात ‘वर’ पत्त्याला चिकटून देवनागरीत गेला, तर तो कित्येक फोनांवर लिंकचाच भाग होतो आणि पान सापडत नाही. पत्ता छोटा करून देणाऱ्या सेवा आम्ही बंद केल्या. पत्ता सुटसुटीत होतो खरा, पण त्यात आमच्या संस्थेचं नाव दिसत नाही, आणि फसवणुकीच्या संदेशांनी पोळलेले पालक नेमकं तेच नाव शोधतात.

हीच शंका वर्णनात्मक शब्दांबद्दलही रास्त आहे. शब्द कुणीही काहीही लिहू शकतो; ‘बँकेचं अधिकृत पान’ लिहून मागे दुसराच पत्ता ठेवता येतो. म्हणून बाहेरच्या संकेतस्थळाकडे जाणाऱ्या लिंकमध्ये आम्ही त्या कार्यालयाचं नाव घालतो, म्हणजे संगणकावर माउस नेल्यावर खालच्या कोपऱ्यात दिसणारा, किंवा फोनवर बोट दाबून धरल्यावर येणारा पत्ता त्या नावाशी ताडून पाहता येतो. आणि लिंकचे शब्द व पोचल्यावरचा मथळा शक्यतो एकच ठेवतो. माणूस दाबतो ‘वसतिगृह प्रवेश अर्ज’ आणि वर दिसतं ‘वसतिगृह प्रवेश अर्ज’. आपण योग्य जागी आलो हे त्याला कुणाला विचारावं लागत नाही.

जूनमध्ये ती विद्यार्थिनी पुन्हा आली. `Insert+F7`, गाळणीत ‘वसतिगृह’, एकच लिंक, एंटर. शुल्कमाफीचा अर्जही तिने तसाच काढला. मग म्हणाली, “मॅडम, ग्रंथालयाच्या पानावर पण तसंच आहे हो.” ते पान मी अजून घेतलेलं नाही, या आठवड्यात घेणार आहे.

तुमच्या ताब्यात असं एखादं पान असेल, तर शब्द बदलायला घेण्याआधी त्यावरची प्रत्येक ‘येथे क्लिक करा’ एकदा स्वतः उघडून पाहा.