दोन दिवसांची कपात आणि पेरोलला पाठवायचा ईमेल

सॅलरी स्लिपमधली चूक दुरुस्त करून घ्यायची तर पेरोल विभागाला ईमेल करावा लागतो. या ईमेलमध्ये तक्रारीपेक्षा हिशोब जास्त असायला हवा. पेरोलचं काम करणारा माणूस एका वेळी अनेकांचे पगार बघत असतो, आणि आता बऱ्याच ठिकाणी हे काम बाहेरच्या एजन्सीकडे असतं. त्याला कर्मचाऱ्याचा चेहरा माहीत नसतो, फक्त कर्मचारी क्रमांक माहीत असतो. ‘या महिन्यात पगार कमी आला आहे, कृपया बघावे’ एवढंच लिहिलेल्या ईमेलला ‘तपासून कळवतो’ एवढंच उत्तर येतं, कारण नेमकं काय तपासायचं ते त्यात नसतं.

सगळ्यात नेहमीची चूक असते ती मंजूर रजा बिनपगारी धरली जाण्याची. ती का होते हे कळलं की ईमेल लिहिणं सोपं जातं. महिनाअखेरीला पगार जमा करायचा तर हजेरी त्याआधीच बंद करावी लागते. समजा, एखाद्या कंपनीत ती २० तारखेला बंद होते. कर्मचाऱ्याने १५ आणि १६ मे रोजी अर्जित रजा घेतली, अर्जही वेळेत केला. पण साहेबांनी सिस्टीममध्ये मंजुरीचं बटण दाबलं २२ तारखेला. २० तारखेला सिस्टीमला फक्त दोन गैरहजर दिवस दिसले आणि तिने ते एलओपी, म्हणजे बिनपगारी, धरले. यात कुणाची लबाडी नसते. म्हणून ईमेलचा सूर चढा ठेवण्याचं कारण नाही.

आता आकडे. या कर्मचाऱ्याचा महिन्याचा एकूण पगार ४६,५०० रुपये आहे. त्यात बेसिक २३,२५०, घरभाडे भत्ता ९,३०० आणि विशेष भत्ता १३,९५०. मे महिन्याचे दिवस ३१, त्यामुळे एका दिवसाचा पगार १,५०० रुपये. दोन दिवस कापले गेले म्हणून स्लिपवर एकूण पगार ४३,५०० दिसतो. बँकेत मात्र ४३,५१० ऐवजी ४०,६९० रुपये जमा झाले, म्हणजे २,८२० रुपये कमी.

बहुतेकांचा घोटाळा इथेच होतो. कमी आलेली रक्कम २,८२०, पण चूक आहे ३,००० रुपयांची. मधले १८० रुपये प्रॉव्हिडंट फंडाचे आहेत. पीएफ बेसिकच्या १२ टक्के कापला जातो. पूर्ण बेसिकवर तो २,७९० व्हायला हवा होता. दोन दिवस कमी धरल्यामुळे बेसिक २१,७५० झालं आणि पीएफ २,६१० कापला गेला. पगारही कमी मिळाला आणि कपातही कमी झाली, म्हणून हातात येणारा फरक लहान दिसतो. ईमेलमध्ये फक्त २,८२० रुपयांची मागणी केली, तर पेरोलवाला तेवढे देऊन मोकळा होऊ शकतो आणि कर्मचाऱ्याचे १८० रुपये पीएफमध्ये जायचे राहून जातात. मालकाच्या वाट्याचेही १८० रुपये तसेच राहतात. ते पूर्ण पीएफच्याच खात्यात जायला हवेत, कारण मालकाच्या हिश्श्यातून पेन्शनकडे वळणारी रक्कम १५,००० रुपये वेतनावर, म्हणजे १,२५० रुपयांवर, अडवलेली असते. बेसिक २१,७५० असो की २३,२५०, तिच्यात फरक पडत नाही. अर्थात, काही कंपन्या पीएफ पूर्ण बेसिकवर न कापता १५,००० च्या मर्यादेवर, म्हणजे १,८०० रुपयेच कापतात. तिथे दोन्ही वेळा पीएफ सारखाच राहतो आणि बँकेतला फरक पुरता ३,००० चा येतो.

या नोकरदाराच्या पगारावर महाराष्ट्रात व्यवसाय कर २०० रुपये आहे आणि तो दोन्ही हिशोबांत तेवढाच. फेब्रुवारीत तो ३०० होतो, म्हणजे वर्षाचे २,५०० पुरे होतात. दर वर्षी मार्चच्या सुरुवातीला त्या जादा १०० रुपयांवरून उगाच ईमेल जातात.

एवढं समोर ठेवून ईमेल असा होतो:

विषय: मे महिन्याची सॅलरी स्लिप, २ दिवसांची चुकीची एलओपी, कर्मचारी क्रमांक (…)

नमस्कार,
माझ्या मे महिन्याच्या स्लिपमध्ये १५ आणि १६ मे हे दोन दिवस बिनपगारी धरले आहेत. या दोन्ही दिवसांची अर्जित रजा २२ मे रोजी मंजूर झाली आहे.
पगाराचे दिवस: स्लिपवर २९, हवे ३१.
एकूण पगार: स्लिपवर ४३,५००, हवा ४६,५००, फरक ३,०००.
पीएफ कपात: स्लिपवर २,६१०, हवी २,७९०, फरक १८०.
व्यवसाय कर: २००, बरोबर आहे.
निव्वळ पगार: स्लिपवर ४०,६९०, हवा ४३,५१०, फरक २,८२०.
ही एलओपी रद्द करून फरक जूनच्या पगारात द्यावा आणि त्यावरचा दोन्ही बाजूंचा पीएफ भरावा, ही विनंती. रजा शिल्लकीतून हे दोन दिवस वजा करावेत. मे महिन्याची स्लिप आणि रजामंजुरीची प्रत सोबत जोडली आहे.

बहुतेक कार्यालयांत हा मजकूर इंग्रजीत जातो. क्रम मात्र हाच ठेवावा. ‘स्लिपवर’ आणि ‘हवे’ हे दोन आकडे एकाच ओळीत असले की वाचणाऱ्याला स्लिप उघडण्याआधीच चूक कळते. जे बरोबर आहे तेही एका ओळीत सांगावं, म्हणजे त्यावर पुन्हा प्रश्न येत नाही. रजा शिल्लकीतून दिवस वजा करा, हे स्वतःहून लिहिलेलं बरं. नाहीतर पगार आणि रजा दोन्ही मागितल्यासारखं होतं. बँक खाते किंवा पॅन क्रमांक लिहू नये, ते पेरोलकडे असतातच. ‘सुमारे तीन हजार’ असं तर मुळीच लिहू नये.

ईमेल पाठवण्याआधी एक गोष्ट बघावी लागते: कंपनी दिवसाचा पगार कशाने भागून काढते. इथे महिन्याचे खरे दिवस धरले आहेत. काही ठिकाणी दर महिन्याला ३० ने, काही ठिकाणी २६ ने भागतात. २६ ने भागलं तर याच पगाराचा एक दिवस जवळपास १,७८८ रुपयांचा होतो आणि वरचे सगळे आकडे बदलतात. स्लिपवरची प्रत्यक्ष कपात दिवसांनी भागली की कंपनीची पद्धत कळते.

जूनची स्लिप आली की दुरुस्ती तपासायची. त्यात जूनचे ४६,५०० आणि मागचे ३,००० मिळून ४९,५०० हवेत. पीएफ २,९७० आणि व्यवसाय कर २०० वजा जाऊन हातात ४६,३३० यावेत. थकबाकीचे ३,१०० दिसले, तर पेरोलने मेचे दिवस जूनच्या दराने, म्हणजे ३० ने भागून काढले आहेत; नंतर कधीतरी ते १०० रुपये परत कापले जातील, तेव्हा आत्ताच कळवलेलं बरं. आणि पीएफ २,७९० च राहिला असेल, तर थकबाकी ‘इतर मिळकत’ म्हणून टाकली गेली आहे. अशा वेळी हातात ४६,५१० येतात, १८० रुपये जास्त, आणि त्यामुळेच ही चूक सहसा कुणी कळवत नाही. जूनचा पीएफ भरण्याची मुदत १५ जुलै असते. त्यानंतर काही दिवसांनी पीएफ पासबुक उघडून थकबाकीचे पैसे दोन्ही रकान्यांत आले आहेत का ते पाहावं. आले नसतील तर त्याच ईमेलला उत्तर म्हणून पुढचा ईमेल करावा, नवीन विषय उघडू नये.