चारशे नव्व्याण्णव रुपये नेमके कशाचे?

मे संपत आला की साताऱ्यातलं आमच्या गल्लीच्या तोंडावरचं गॅरेज पावसाळी शिबिराची पत्रकं वाटतं. यंदा छापायला टाकण्याआधी मालक मजकूर घेऊन माझ्याकडे आले. "काका, शुद्धलेखन तेवढं बघा." कागदावर तीनच ओळी होत्या : 'पावसाळापूर्व वाहन तपासणी शिबिर. ब्रेक, वायपर, टायर यांची संपूर्ण तपासणी. फक्त ₹४९९.'

शुद्धलेखन बरोबर होतं. मी विचारलं, हे ४९९ तपासायचे की बदलायचे?

"तपासायचे. पार्ट वेगळे."

मग तसं लिहिलेलं का नाही? आणि 'संपूर्ण तपासणी' म्हणजे चाक खोलून, की जागेवर उभी गाडी बघून? मालकांनी कागद माझ्या हातातच ठेवला. "उद्या सकाळी एक गाडी येतेय. तुम्ही या, उभे राहून बघा आणि मग काय लिहायचं ते लिहा."

दुसऱ्या दिवशी आलेली गाडी सात वर्षं चाललेली छोटी कार होती, ६२ हजार किलोमीटर झालेली. तिचे मालक शाळेत शिक्षक आहेत. पुढच्या आठवड्यात त्यांना महाबळेश्वरवरून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरायचं होतं. त्यांची तक्रार काहीच नव्हती. "ब्रेक ऑइल जरा कमी दिसतंय, तेवढं टॉप-अप करा," एवढंच ते म्हणाले.

मिस्त्रींनी ऑइलच्या बाटलीला हातही लावला नाही. आधी गाडी जॅकवर घेतली. ब्रेक ऑइल काही इंजिनाच्या ऑइलसारखं जळत नाही. ते कमी झालं तर कारणं दोनच. एक तर कुठेतरी गळती आहे, नाहीतर पॅड झिजलेत. पॅड झिजला की त्याला ढकलणारा पिस्टन तेवढा पुढे सरकतो, त्याच्या मागे रिकामी झालेली जागा ऑइल भरून काढतं आणि डब्यातली पातळी खाली जाते. अशा वेळी नुसतं वरून ओतलं, तर गाडी जे सांगत होती तेच झाकलं जातं.

पुढचं डावं चाक काढलं. नव्या पॅडवरचा घासला जाणारा थर साधारण १० मिलिमीटर असतो आणि ३ उरले की पॅड बदलायचे. बाहेरच्या बाजूचा पॅड ५ मिलिमीटर भरला. शिक्षक म्हणाले, "म्हणजे आहेत अजून." मिस्त्रींनी बॅटरी आतल्या पॅडवर धरली. तो जेमतेम ३ होता. ब्रेकची पकड ज्या पिनांवर सरकते, त्या पिना गंज आणि धुळीने जाम झाल्या की आतला पॅड एकटाच जास्त घासला जातो. चाकाच्या फटीतून दिसतो तो बाहेरचा, आणि आतला नीट बघायचा तर चाक काढावंच लागतं. 'ब्रेक तपासणी' या दोन शब्दांत चाक खोलणं धरलंय की नाही, हे म्हणूनच गिऱ्हाइकाने आधी विचारलं पाहिजे. चाक न काढता केलेल्या तपासणीत या गाडीचे ब्रेक पास झाले असते.

त्यानंतर पेनासारखा टेस्टर ऑइलच्या डब्यात बुडवला. लाल दिवा लागला. ब्रेक ऑइल हवेतली वाफ हळूहळू शोषून घेतं. डॉट ४ प्रतीचं नवं ऑइल निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये असं मानक आहे. त्यात पौणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं, की तीच मर्यादा १५५ अंशांवर येते. शहरात हे कधी कळतही नाही. घाट उतरताना मात्र वळणावळणाला ब्रेक दाबून चकत्या तापतात, ती धग ऑइलपर्यंत पोचते आणि पाणी मुरलेलं ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पेडल मऊ पडून खाली जातं आणि गाडी थांबत नाही. म्हणून हे ऑइल रंग कसाही दिसो, साधारण दोन वर्षांनी बदलायचं. या गाडीतलं ऑइल कधी बदललं होतं, ते शिक्षकांना आठवेना.

वायपरला फार वेळ लागला नाही. पात्यांचं रबर आठ महिने उन्हात पडून कडक होतं. काचेवर पाणी ओतून वायपर चालवला. ड्रायव्हरच्या नजरेसमोरच पाण्याची एक रेघ तशीच राहत होती आणि पातं थरथरत होतं. मिस्त्रींनी आधी काच साबणाने धुतली, कारण काचेवर तेलकट थर असेल तर नवं पातंही थरथरतं. धुतल्यावरही रेघ राहिली, तेव्हा कुठे पातं बदलायला सांगितलं.

टायरपाशी मात्र बराच वेळ गेला. मोटार वाहन नियमांनुसार कारच्या टायरची खाच निदान १.६ मिलिमीटर हवी. तेवढी उरली की खाचांच्या तळाशी असलेले उंचवटे टायरच्या पृष्ठभागाला टेकतात. पण ही कायद्याची शेवटची हद्द झाली. टायरखाली येणारं पाणी बाजूला फेकायचं काम या खाचा करतात. साचलेल्या पाण्यातून वेगाने जाताना त्यांना ते जमलं नाही, तर टायर रस्ता सोडून पाण्यावर तरंगतो आणि स्टिअरिंग एकदम हलकं लागतं. म्हणून पावसाळ्यासाठी ३ मिलिमीटरची खूण धरणं शहाणपणाचं. या गाडीचे मागचे टायर ५ भरले, पुढचे सव्वादोन. कोरड्या रस्त्यावर ते चालून गेले असते.

शिक्षकांनी दोन नवे टायर घ्यायचं ठरवलं आणि ते पुढेच बसवा म्हणाले. इंजिन पुढे, झीज पुढे, तेव्हा नवेही पुढे, असंच बहुतेकांना वाटतं. टायर बनवणारे उलट सांगतात : जास्त खाचेचे टायर मागे. ओल्या वळणावर पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाऊ पाहते, वेग कमी केला की ती आवरता येते. मागची चाकं घसरली तर गाडी गर्रकन फिरते आणि सामान्य चालकाला ती सावरत नाही. तेव्हा मागचे टायर पुढे घेतले आणि नवे मागे बसवले. हवा भरायचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या चिकटपट्टीवरून घेतला.

एवढ्याला सव्वा तास गेला. एक मिस्त्री आणि एक मदतनीस यांचा सव्वा तास ४९९ रुपयांत बसत नाही, हे मालकांनीच कबूल केलं. शिबिराचा खर्च निघतो तो पुढे बदलाव्या लागणाऱ्या पार्टांतून. यात लबाडी नाही, पण जो तपासतो तोच विकतो. अशा वेळी 'पॅड गेलेत' या शब्दावर गिऱ्हाइकाने का विश्वास ठेवायचा? विश्वास ठेवता येतो तो आकड्यावर, आणि तोही मोजताना आपण शेजारी उभे असलो तर.

संध्याकाळी मी मजकूर पुन्हा लिहून दिला. मालकांनी दोनदा वाचला, 'स्टेपनीसह' हा शब्द स्वतः घातला आणि छापायला पाठवला :

'पावसाळापूर्व तपासणी, ₹४९९. ही रक्कम तपासणीची आहे. पार्ट आणि ते बसवण्याची मजुरी वेगळी, दर फलकावर लावलेले आहेत. चारही चाकं काढून आतले-बाहेरचे पॅड तुमच्यासमोर मोजू. ब्रेक ऑइलमधलं पाणी टेस्टरने बघू. काच धुऊन, पाणी टाकून वायपर चालवून दाखवू. स्टेपनीसह पाचही टायरांच्या खाचा मोजू, हवा भरू. सगळे आकडे कागदावर लिहून देऊ. पार्ट कुठेही बदलून घ्या. सव्वा तास लागेल, शक्यतो थांबा.'